रेझ्युमे, सीव्ही आणि बायोडेटा: कोणत्या अर्जाला कोणता कागद

नोकरीच्या जाहिरातीच्या शेवटी एक ओळ हमखास असते. कुठे ‘रेझ्युमे मेल करा’, कुठे ‘सीव्ही पाठवा’, तर कुठे ‘बायोडेटासह अर्ज करावा’. बहुतेक उमेदवारांकडे एकच फाइल असते आणि तीच तिन्ही ठिकाणी जाते. पुष्कळदा त्याने काही बिघडत नाही, कारण भारतातल्या खासगी कंपन्या हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पण काही ठिकाणी त्या एका फाइलपायी अर्ज बाजूला पडतो. कारण कोणी कळवत नाही, त्यामुळे पुढच्या अर्जालाही तीच फाइल जाते.

या तिघांतला फरक पानांच्या संख्येवरून सांगायची पद्धत आहे. एक पान असेल तर रेझ्युमे, चार पानं असतील तर सीव्ही, असं काहीतरी. ही मोजणी फारशी उपयोगाची नाही. खरा फरक वाचणाऱ्याच्या कामात आहे. रेझ्युमे वाचणाऱ्याला ठरवायचं असतं की या माणसाला मुलाखतीला बोलवायचं का. सीव्ही वाचणाऱ्या समितीला त्या माणसाचं आजवरचं सगळं शैक्षणिक आणि संशोधनाचं काम तपासायचं असतं, बऱ्याचदा त्याला गुण द्यायचे असतात. आणि बायोडेटा वाचणाऱ्याला आधी हा माणूस कोण, कुठला, वय काय, शिक्षण काय, एवढं हवं असतं.

शब्दांचे अर्थही याला धरूनच आहेत. रेझ्युमे हा फ्रेंच शब्द, म्हणजे सारांश. सीव्ही म्हणजे ‘करिक्युलम व्हिटे’, लॅटिनमधला आयुष्याचा प्रवासक्रम. बायोडेटा हे ‘बायोग्राफिकल डेटा’चं लघुरूप, म्हणजे व्यक्तीची माहिती. सारांशात निवड करावीच लागते. प्रवासक्रमात मधलं काही गाळता येत नाही. आणि व्यक्तीच्या माहितीत तिने केलेल्या कामाला फारशी जागाच नसते.

हे नुसतं वाचून पटतं, पण फाइल उघडून बसल्यावर काय ठेवायचं आणि काय काढायचं हे उमगत नाही. म्हणून एकच उमेदवार घेऊ आणि तिचे कागद जवळून पाहू.

समजा एक मुलगी आहे, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये तिने दोन वर्षं काम केलंय. एम.एस्सी.च्या प्रकल्पावर तिच्या गाइडबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध झालाय, एका परिषदेत पोस्टर मांडलंय. आता तिच्यासमोर दोन जाहिराती आहेत. एक इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपनीची, मायक्रोबायोलॉजिस्टच्या जागेसाठी. दुसरी विद्यापीठातली, एका संशोधन प्रकल्पावर प्रोजेक्ट फेलो हवाय म्हणून. तिच्या लॅपटॉपवर एक फाइल आहे, कॉलेज संपताना बनवलेली, आणि तिचं नाव ‘बायोडेटा’.

त्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठळक अक्षरांत ‘बायोडेटा’ असं शीर्षक. उजव्या कोपऱ्यात फोटो. मग नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, लिंग, वैवाहिक स्थिती, धर्म, राष्ट्रीयत्व, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, अवगत भाषा, छंद. त्यानंतर एक ‘ध्येय’: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावणे. मग दहावीपासून सुरू होणारा शिक्षणाचा तक्ता. पान उलटल्यावर अनुभवाची एक ओळ: ‘औषध कंपनीत क्यूसी मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून दोन वर्षे काम’. शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’, स्थळ, दिनांक, सही.

या कागदात खोटं काही नाही. पण कंपनीतला माणूस पहिलं पान संपेपर्यंत तिच्याबद्दल जे वाचतो, त्यातलं जवळजवळ काहीच त्या जागेशी संबंधित नाही. त्याला हवी असलेली एकुलती एक गोष्ट दुसऱ्या पानावर एका ओळीत आवळलेली आहे.

कंपनीसाठी रेझ्युमे

रेझ्युमे लिहायला बसताना आधी जाहिरात समोर ठेवायची, जुनी फाइल नाही. या जाहिरातीत समजा अशा अपेक्षा आहेत: निर्जंतुक उत्पादन विभागाचा अनुभव, एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंग, पाण्याची सूक्ष्मजीव तपासणी, जीवाणूंपासून येणारे विषारी घटक शोधणारी एंडोटॉक्सिन टेस्ट, आणि जीएमपी या औषध उत्पादनाच्या दर्जाच्या नियमांप्रमाणे नोंदी ठेवण्याची सवय. प्रत्येक अपेक्षेसमोर स्वतःला विचारायचं: हे मी केलंय का, कुठे, किती वेळा, आणि त्यातून काय निघालं?

या मुलीने प्रत्यक्ष काय केलं होतं? इंजेक्शनं भरायचं काम चालू असताना त्या खोलीत ठरलेल्या जागी हवेतले सूक्ष्मजीव टिपणाऱ्या सेटल प्लेट उघड्या ठेवायच्या, प्लेट चार तासांच्या आत बदलायच्या, त्या इन्क्युबेट करायच्या, वाढलेल्या वसाहती मोजायच्या आणि नोंद करायची. पाण्याच्या ठरलेल्या पॉइंटवरून नमुने घ्यायचे. जेल क्लॉट पद्धतीने एंडोटॉक्सिन टेस्ट लावायची. एकदा एका पॉइंटवर पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची संख्या मर्यादेबाहेर गेली, तेव्हा झालेल्या तपासात ती होती. पुन्हा नमुने घेण्याचं काम तिच्याकडे आलं, आणि कारण नमुना घ्यायच्या व्हॉल्व्हपाशी सापडलं. हे सगळं ‘क्यूसीमध्ये दोन वर्षे काम’ या ओळीत गडप झालंय.

रेझ्युमेत तेच असं येईल:

‘निर्जंतुक फिलिंग विभागाचं एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंग: सेटल प्लेट, एअर सॅम्पलिंग आणि पृष्ठभागांचे नमुने, महिन्याचा ट्रेंड रिपोर्ट स्वतः तयार केला.’

‘शुद्ध पाण्याच्या 14 पॉइंटचं रोजचं सॅम्पलिंग आणि तपासणी. मर्यादेबाहेर गेलेल्या एका निकालाच्या तपासात सहभाग. पुन्हा सॅम्पलिंग केलं, दोष सॅम्पलिंग व्हॉल्व्हपाशी असल्याचं निश्चित झालं.’

‘बॅक्टेरियल एंडोटॉक्सिन टेस्ट, जेल क्लॉट पद्धत: नियमित बॅच तपासणी.’

या ओळींत मोठे शब्द नाहीत. ‘मेहनती’, ‘टीम प्लेअर’, ‘शिकण्याची आवड’ यातलं काहीच नाही. तरी क्यूसीचा मॅनेजर दुसऱ्या ओळीपाशी थांबेल. मर्यादेबाहेरचा निकाल हाताळलेला माणूस आणि फक्त प्लेट मोजलेला माणूस यांतला फरक त्याला माहीत असतो. त्याच्या लॅबमध्येही असे निकाल येतात.

ओळ लिहून झाली की तिची एक परीक्षा घ्यावी. मुलाखतीत ही ओळ वाचून कोणी विचारलं, ‘कसं केलंत, सांगा’, तर दोन-तीन मिनिटं नीट बोलता येईल का? येत नसेल तर ओळ काढा किंवा खरी होईपर्यंत सौम्य करा. ‘सहभाग’ असेल तर ‘नेतृत्व’ लिहू नये. ज्याने हे काम वीस वर्षं केलंय त्याला तिसऱ्या प्रश्नात समजतं.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. अनुभवाला आकडे द्यावेत असं सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण सध्याच्या कंपनीचं उत्पादनाचं नाव, ग्राहकाचं नाव, बॅच क्रमांक किंवा ऑडिटमधल्या त्रुटी रेझ्युमेत लिहू नयेत. गोपनीयतेचा करार बहुतेकांनी सही केलेला असतो. शिवाय नव्या कंपनीला यातून एवढंच कळतं की उद्या हा माणूस आपलीही माहिती अशीच बाहेर लिहील. किती पॉइंट, किती नमुने, कोणती पद्धत, एवढे आकडे पुरेत.

आता रचना. वर नाव, खाली मोबाइल, ईमेल आणि राहण्याचं शहर. पूर्ण पत्ता नको. मग दोन-तीन ओळींत ओळख: कोण, किती अनुभव, कशातला. ध्येयाचं वाक्य पूर्ण काढायचं. ते कोणत्याही माणसाच्या कोणत्याही कागदावर जसंच्या तसं बसतं, म्हणून ते कोणी वाचत नाही. त्यानंतर अनुभव, सर्वांत अलीकडचा आधी, प्रत्येक नोकरीपुढे महिना आणि वर्ष. मग शिक्षण, तेही उलट्या क्रमाने. एम.एस्सी., बी.एस्सी. आणि तिथेच थांबायचं. दोन वर्षं अनुभव झाल्यावर दहावीच्या टक्क्यांना काम उरत नाही. कंपनीने स्वतःहून मागितले तरच द्यायचे. काही मोठ्या कंपन्या फ्रेशरकडून दहावी-बारावीचे टक्के मागतात, तिथे अर्थातच लिहायचे. शोधनिबंध आणि पोस्टर यांना मिळून एक ओळ. हे सगळं एका पानात बसतं. दहा-बारा वर्षं अनुभव असेल तर दोन पानं.

वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, सही आणि ‘वरील माहिती खरी आहे’ ही प्रतिज्ञा, हे सगळं जातं. अनेकांना, विशेषतः घरच्यांना, वाटतं की हे नसेल तर कागद अपुरा दिसेल. पण मुलाखतीला बोलवायचं का, या निर्णयात यातलं काहीच लागत नाही, आणि कोणाच्या मनात पूर्वग्रह असेल तर त्याला मात्र यातूनच आधार मिळतो. परदेशात अर्ज करताना हे जास्तच जपावं लागतं. अमेरिकेत 1964च्या नागरी हक्क कायद्याने आणि ब्रिटनमध्ये 2010च्या समानता कायद्याने नोकरी देताना धर्म, वंश, लिंग अशा गोष्टींवरून भेदभाव करायला बंदी आहे. त्यामुळे तिथल्या कंपन्यांना ही माहिती आणि फोटो अर्जात नकोच असतो. आखाती देशांत मात्र राष्ट्रीयत्व आणि व्हिसाची स्थिती लिहिण्याचा रिवाज आहे, कारण तिथे त्यावर पुढची प्रक्रिया अवलंबून असते.

आधार क्रमांक, पॅन आणि पासपोर्ट क्रमांक कोणत्याही कागदावर नकोत. ही फाइल किती मेलबॉक्समधून आणि किती एजंटांच्या फोनमधून फिरते, यावर आपला काहीच ताबा नसतो.

विद्यापीठासाठी सीव्ही

आता तीच मुलगी, दुसरी जाहिरात. इथे तोच एक पानाचा रेझ्युमे पाठवला तर नुकसान होतं, आणि ते उलट्या दिशेने होतं. समिती आधी पात्रता तपासते: एम.एस्सी.ला जाहिरातीत मागितलेले टक्के आहेत का, नेट किंवा गेट उत्तीर्ण आहे का, वयोमर्यादेत बसते का. मग संशोधनाचा अनुभव पाहते. तिने जे ‘एका ओळीत’ मिटवलं होतं, तेच इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे. वयोमर्यादा असल्यामुळे जन्मतारीखही इथे लिहावी लागते.

म्हणून क्रम पालटतो. नाव-संपर्कानंतर शिक्षण, पूर्ण, टक्के किंवा ग्रेडसह, विद्यापीठ आणि वर्षासह. राष्ट्रीय पात्रता परीक्षांचे निकाल. मग एम.एस्सी.च्या प्रबंधाचं पूर्ण शीर्षक, गाइडचं नाव, आणि चार-पाच ओळींत प्रश्न काय होता, कोणत्या पद्धती वापरल्या, काय निष्पन्न झालं. त्यानंतर येणाऱ्या तंत्रांची यादी, तीही प्रामाणिकपणे विभागलेली: स्वतंत्रपणे करता येणारी एकीकडे, फक्त देखरेखीखाली केलेली दुसरीकडे. प्रकल्पप्रमुख असा फरक लिहिलेला पाहून खूश होतो, कारण नव्या फेलोला काय शिकवावं लागेल याचा त्याला अंदाज येतो.

प्रकाशनं लिहिताना सगळ्यात जास्त गडबडी होतात. संदर्भसूचीत देतात तसा शोधनिबंध पूर्ण द्यायचा: सर्व लेखकांची नावं मूळ क्रमाने, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठं आणि डीओआय, म्हणजे निबंध ऑनलाइन शोधायचा कायमचा क्रमांक. स्वतःचं नाव ठळक करायचं, पण क्रम बदलायचा नाही. तिसऱ्या क्रमांकाचे लेखक असाल तर तिसऱ्याच जागी. ज्याचा डीओआय आहे तो निबंध समितीतला माणूस अर्ध्या मिनिटात उघडून पाहतो. निबंध अजून छापून आला नसेल तर त्याची खरी स्थिती लिहायची: ‘स्वीकृत’, ‘परीक्षणाधीन’ किंवा ‘लेखन चालू’. परीक्षणाला पाठवलेला निबंध प्रकाशितांच्या यादीत घुसवणं ही या क्षेत्रातली नाव खराब करणारी चूक आहे. आणि पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांतले निबंध यादी लांबवतात, पण जाणकाराच्या डोळ्यात उमेदवाराची किंमत कमी करतात. ओर्किड आयडी असेल तर तो द्यावा. संशोधकाला मिळणारा हा सोळा अंकी क्रमांक 2012पासून आहे, आणि नावसाधर्म्यामुळे होणारा गोंधळ त्याने टळतो.

परिषदेच्या बाबतीत पोस्टर होतं की भाषण, हे स्पष्ट लिहायचं. नुसती हजेरी लावली असेल तर ‘सहभाग’ या वेगळ्या उपशीर्षकाखाली. शेवटी संदर्भ देणाऱ्या दोन किंवा तीन व्यक्तींची नावं, पदं आणि ईमेल, त्यांना आधी विचारून. कंपनीच्या रेझ्युमेत ही नावं लागत नाहीत, इथे लागतात.

कंपनीतली दोन वर्षं सीव्हीत येतात, पण तीन-चार ओळींत. येतात हे महत्त्वाचं. सीव्हीत तारखांची साखळी सलग दिसली पाहिजे. मधली दोन वर्षं गायब असतील तर समितीचा पहिला प्रश्न त्यावरच येतो. रेझ्युमेत जागेशी संबंध नसलेली जुनी नोकरी गाळली तरी चालते, सीव्हीत चालत नाही.

या मुलीचा सीव्ही दोन-अडीच पानांचा होईल. तीच पुढे पीएच.डी., अध्यापन, प्रकल्प, विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन असं करत गेली तर पंधरा वर्षांनी तो पंधरा पानांचाही होईल, आणि त्यात गैर काही नसेल. सीव्ही वाढत जातो. रेझ्युमे मात्र दर वेळी जवळपास तेवढाच राहतो, नवं आलं की जुनं निघून जातं. यावरून कामाची एक सोय करता येते: सगळं असलेला सीव्ही स्वतःजवळ कायम अद्ययावत ठेवायचा, आणि नव्या जाहिरातीसाठी त्यातून रेझ्युमे काढायचा. उलट करता येत नाही, कारण तीन वर्षांपूर्वी किती नमुने तपासले होते हे आठवत नाही.

सीव्ही या शब्दाचा आणखी एक घोळ आहे. वर सांगितलेला अर्थ अमेरिका आणि कॅनडातला. ब्रिटन, आयर्लंड आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत ‘सीव्ही’ म्हणजे आपला साधा रेझ्युमेच, एक-दोन पानांचा. लंडनच्या कंपनीने ‘सीव्ही पाठवा’ म्हटलं आणि तुम्ही आठ पानांचा शैक्षणिक सीव्ही पाठवला, तर त्यांना वाटेल या माणसाला नेमकं सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात दोन्ही शब्द चालतात. युरोपियन युनियनचा युरोपास नावाचा एक सामायिक नमुना 2005पासून आहे. जाहिरातीत त्याचा उल्लेख असेल तर तोच भरायचा.

मग बायोडेटा कुठे लागतो?

लग्नाच्या बायोडेटामुळे या शब्दाभोवती एक वेगळंच वलय झालंय, पण नोकरीच्या जगातही त्याला खऱ्या जागा आहेत.

पहिली जागा सरकारी. केंद्र सरकारच्या खात्यांत प्रतिनियुक्तीवर, म्हणजे एका खात्यातून दुसरीकडे ठरावीक मुदतीसाठी जायचं असेल, तर जाहिरातीबरोबर एक नमुना जोडलेला असतो. त्याच्या शीर्षकातच ‘बायोडेटा / करिक्युलम व्हिटे प्रोफॉर्मा’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात. म्हणजे इथे शब्दाच्या अर्थावर वाद घालण्यात हशीलच नाही. नमुना सांगेल तेच खरं. त्यात जन्मतारीख, सेवेत रुजू झाल्याची तारीख आणि निवृत्तीची तारीख लागते. एका तक्त्यात डावीकडे जाहिरातीतली आवश्यक अर्हता आणि उजवीकडे उमेदवाराची अर्हता, ओळीला ओळ भिडवून लिहायची असते. खाली उमेदवाराची सही, आणि त्यानंतर त्याच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र. अनेक अधिकारी त्या उजव्या रकान्यात ‘सोबतचा रेझ्युमे पाहावा’ असं लिहून मोकळे होतात. छाननी करणारा तो रकानाच पाहतो. तो रिकामा म्हणजे अर्हता सिद्ध झाली नाही. जी प्रतिज्ञा आणि सही कंपनीच्या रेझ्युमेतून काढायला सांगितली, ती इथे नसेल तर अर्ज अपूर्ण ठरतो.

सरळसेवा भरतीत तर यातलं काहीच लागत नाही. ऑनलाइन अर्ज हाच कागद. तिथे सुंदर रेझ्युमे जोडायला जागाही नसते.

दुसरी जागा संशोधन प्रकल्पांची. निधी मागणाऱ्या प्रस्तावात मुख्य संशोधकाचा ‘बायोडेटा’ मागतात, पण त्या नमुन्यात प्रकाशनं, पेटंट, चालू प्रकल्प असेच रकाने असतात. नाव बायोडेटा, आत सीव्ही.

तिसरी जागा चालक, सुरक्षारक्षक, विक्रेता, कार्यालयीन मदतनीस अशा कामांची. मला वाटतं, या जागांसाठी बायोडेटाला नाक मुरडणं चूक आहे. ड्रायव्हर ठेवणाऱ्याला वय, राहण्याचा भाग, शिक्षण, परवाना हलक्या वाहनाचा की वाहतुकीचा, तो कधीपर्यंत वैध, आधी कोणाकडे किती काळ काम केलं, एवढंच हवं असतं. राहण्याचा भाग इथे निर्णायक असतो, कारण पहाटे पाचला गाडी काढायची असते. अर्ध्या पानाचा, स्वच्छ लिहिलेला बायोडेटा इथे चार रकान्यांच्या झगमगीत रेझ्युमेपेक्षा जास्त काम करतो. धर्म-जात मात्र इथेही नको.

आणि खासगी कंपनीच्या, ऑफिसच्या कामाच्या जाहिरातीत ‘बायोडेटा पाठवा’ असं लिहिलं असेल तर? तिथे रेझ्युमेच पाठवायचा. तो शब्द जाहिरात लिहिणाऱ्याच्या सवयीतून आलेला असतो. शंका असेल तर जाहिरात कोणाची आहे ते पाहायचं: कंपनी असेल तर रेझ्युमे, विद्यापीठ किंवा संशोधन संस्था असेल तर सीव्ही, सरकारी खातं असेल तर सोबतचा नमुना.

फाइल वाचली जाते का?

योग्य कागद निवडूनही तो पोहोचत नाही, असं एका कारणाने होतं. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातात, त्याला एटीएस म्हणतात. ते फाइलमधला मजकूर उचलून नाव, फोन, शिक्षण, अनुभव अशा खणांत भरतं. नंतर भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो, उदाहरणार्थ ‘एंडोटॉक्सिन’. मजकूर नीट उचलला गेला नसेल तर तुमचं नाव त्या शोधात येतच नाही.

मजकूर तीन ठिकाणी हमखास अडतो. दोन रकान्यांच्या रचनेत डावी-उजवी ओळ एकमेकांत मिसळते. फोन आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये टाकले तर काही सॉफ्टवेअर ते वाचतच नाहीत. आणि छापील कागदाचा मोबाइलने फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसतोच, फक्त चित्र असतं. मराठीत कागद करत असाल तर चौथी अडचण फॉन्टची. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते.

तपासायला एक मिनिट लागतं. पीडीएफ उघडा, Ctrl+A दाबून सगळा मजकूर निवडा, Ctrl+C ने उचला आणि साध्या नोटपॅडमध्ये Ctrl+V करा. तिथे जे दिसेल साधारण तेच सॉफ्टवेअरला दिसतं. ओळी क्रमाने आल्या, फोन नंबर आला, अक्षरं शाबूत राहिली, तर फाइल ठीक आहे. काहीच चिकटलं नाही तर तुमची फाइल चित्र आहे.

वर ‘रेझ्युमे’ किंवा ‘बायोडेटा’ असं शीर्षक द्यायची गरज नाही. त्या जागी तुमचं नाव मोठ्या अक्षरांत असू द्या. फाइलच्या नावातही स्वतःचं नाव आणि जागा घाला. `Resume_final_new2.pdf` नावाच्या फाइली भरती करणाऱ्याच्या फोल्डरमध्ये आधीच ढिगाने असतात, आणि मुलाखतीच्या सकाळी त्याला तुमची शोधायची असते.

रेझ्युमेतून काढलेली वैयक्तिक माहिती पुढे द्यावी लागतेच, पण निवड झाल्यावर. रुजू होण्याच्या दिवशी कंपनी जो फॉर्म देते त्यात जन्मतारीख, वडिलांचं किंवा जोडीदाराचं नाव, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता असं सगळं असतं. भविष्य निर्वाह निधीच्या फॉर्म 11मध्ये आधार, पॅन, बँक खातं आणि आधीच्या नोकरीचा यूएएन क्रमांक मागतात. तिथे प्रत्येक अक्षर आधार कार्डावरच्या नावाशी आणि जन्मतारखेशी जुळलं पाहिजे, नाहीतर पुढे पैसे काढताना अडतं. म्हणून जुनी बायोडेटाची फाइल फेकू नका. ती त्या दिवशी फॉर्म भरताना शेजारी उघडून ठेवा.